फोनच्या होकायंत्राचं हरवलेलं केंद्र

मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार, हे नक्की झालं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे मोठा पेच उभा राहिला. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालू होती आणि ट्रामच्या तारांमधला प्रवाह ती बिघडवणार होता. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात यावर जो तोडगा निघाला, तो आजही कौतुकानं सांगितला जातो. उपकरणांसाठी खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा बांधली गेली. ती १९०४ साली सुरू झाली. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण त्या दगडाचा चुंबकसुईवर परिणाम होत नाही. पुढची दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा.

तुमच्या फोनमध्येही पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारा एक संवेदक असतो. तांदळाच्या दाण्याहून लहान अशा त्या चिपला मॅग्नेटोमीटर म्हणतात. नकाशावर आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे दाखवणारा बाण त्याच्याच भरवशावर फिरतो. पण त्याला अलिबागला जाण्याची सोय नाही. स्पीकरमधला चुंबक त्याच्यापासून बोटाच्या अंतरावर असतो. कॅमेऱ्याची भिंगं हलवणाऱ्या यंत्रणेत चुंबक असतो, पोलादी स्क्रू असतात, बॅटरीचा प्रवाह असतो. या सगळ्यांचं मिळून होणारं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राइतकं किंवा त्याहून जास्तही असू शकतं. मग फोनला उत्तर दिशा सापडते कशी? उपद्रव दूर नेता येत नसेल, तर तो नेमका किती आहे हे ओळखून वजा करायचा, हा एकच मार्ग उरतो. आणि तो ओळखण्यासाठी जे गणित लागतं, ते दहावीच्या बीजगणितातल्या रेषीय समीकरणांपेक्षा फारसं अवघड नाही.

हा संवेदक दर वेळी तीन आकडे देतो. फोनच्या रुंदीच्या दिशेनं किती क्षेत्र आहे तो x, उंचीच्या दिशेनं y आणि पडद्यातून बाहेर येणाऱ्या दिशेनं z. एकक असतं मायक्रोटेस्ला. अलिबागच्या परिसरात पृथ्वीच्या क्षेत्राची एकूण तीव्रता सुमारे ४२ ते ४३ मायक्रोटेस्ला आहे. तुम्ही एका जागी उभे राहून फोन कसाही फिरवलात, तरी पृथ्वीचं क्षेत्र तेच राहतं. बदलतात ते फक्त फोनच्या तीन अक्षांवर पडणारे त्याचे हिस्से. हिस्से बदलले तरी x² + y² + z² ही बेरीज बदलत नाही. म्हणून प्रत्येक मोजणीचे तीन आकडे अवकाशातला एक बिंदू मानले, तर ते सगळे बिंदू एका गोलाच्या पृष्ठभागावर पडतात. त्या गोलाची त्रिज्या म्हणजे क्षेत्राची तीव्रता आणि केंद्र म्हणजे शून्यबिंदू.

आता स्पीकरच्या चुंबकाकडे पाहू. तो फोनबरोबरच फिरतो. फोन उलटा करा, आडवा करा, संवेदकाच्या दृष्टीनं तो चुंबक नेहमी त्याच बाजूला, तेवढ्याच अंतरावर. म्हणून प्रत्येक मोजणीत त्याची भर सारखीच पडते: x मध्ये ठरावीक, y मध्ये ठरावीक, z मध्ये ठरावीक. गोल तसाच राहतो, पण सगळाच्या सगळा जागेवरून सरकतो. त्याचं केंद्र शून्यावर न राहता कुठल्या तरी (a, b, c) या ठिकाणी जातं. फोनच्या आतला उपद्रव म्हणजेच हे सरकलेलं केंद्र. ते सापडलं की प्रत्येक मोजणीतून a, b, c वजा करायचे आणि काम झालं. होकायंत्र बिघडल्यावर फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवायला सांगतात, तो यासाठीच. त्या फिरवण्यानं गोलावरचे बिंदू गोळा होतात.

हे केंद्र हुकलं तर किती बिघडतं, याचाही अंदाज घेऊ. समजा केंद्र (३०, −१२, ४५) इथे आहे आणि फोन आडवा धरला आहे. दिशा ठरते ती क्षेत्राच्या आडव्या भागावरून, जो अलिबागजवळ सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. फोनच्या आतल्या चुंबकांचा आडवा भाग ३० आणि १२ मिळून सुमारे ३२ येतो. ३८ च्या खऱ्या क्षेत्रात ३२ ची भेसळ झाली, तर बाण ५० अंशांहून जास्त चुकू शकतो. उत्तरेला तोंड करून उभा असलेला माणूस ईशान्येच्याही पुढे गेलेला दिसेल.

तर बिंदूंवरून गोलाचं केंद्र काढायचं आहे. पहिला विचार मनात येतो तो सरासरीचा. सगळे बिंदू गोलावर आहेत, मग त्यांची सरासरी केंद्राजवळच असणार. हे खरं आहे, पण बिंदू गोलभर सारखे पसरलेले असतील तरच. हातातला फोन माणूस तसा फिरवत नाही. पडदा खाली करून क्वचितच धरतो, एका बाजूला जास्त वळवतो. जिथे बिंदूंची दाटी, तिकडे सरासरी ओढली जाते. त्यामुळे सरासरी सोडून थेट गोलाच्या समीकरणाकडेच जायला हवं.

```
(x − a)² + (y − b)² + (z − c)² = r²
```

इथे x, y, z हे मोजलेले आकडे आहेत, म्हणजे ते आपल्याला माहीत आहेत. अज्ञात आहेत a, b, c आणि r. अडचण अशी की अज्ञात संख्यांचे वर्ग आले आहेत. अशी वर्गसमीकरणं चार असली तरी एकत्र सोडवणं कटकटीचं असतं आणि इथे तर ती शेकड्यांनी येणार आहेत. पण कंस उघडून पाहा. x², y², z² बाहेर येतात, 2ax सारखी पदं येतात आणि a², b², c² ही पदं येतात. आता जे माहीत आहे ते डावीकडे ठेवू आणि बाकीचं उजवीकडे नेऊ.

```
x² + y² + z² = 2a·x + 2b·y + 2c·z + (r² − a² − b² − c²)
```

शेवटच्या कंसाकडे नीट पाहायला हवं. त्यात अज्ञातांचे वर्ग आहेत खरे, पण x, y, z पैकी काहीच नाही. मोजणी कुठलीही घ्या, तो कंस म्हणजे एकच संख्या राहते. मग तिला एकच नवं नाव देऊ: d. आणि 2a, 2b, 2c यांना p, q, s म्हणू.

```
x² + y² + z² = p·x + q·y + s·z + d
```

त्रासदायक वर्ग d च्या पोटात गेले आणि समोर उरलं एक साधं रेषीय समीकरण, चार अज्ञातांचं. डावी बाजू प्रत्येक मोजणीसाठी आधीच हिशेब करून ठेवता येते. p, q, s, d सापडले की p, q, s च्या निम्म्यानं केंद्र मिळतं आणि d मध्ये a² + b² + c² मिळवून वर्गमूळ घेतलं की त्रिज्या. सारी युक्ती एवढीच आहे. r हाच अज्ञात धरून बसण्याऐवजी d ला अज्ञात मानायचं, एवढ्यानं प्रश्नाचं रूप पालटतं. वर्तुळासाठी हीच रीत कोसा यांनी १९७६ साली एका शोधनिबंधात मांडली आणि न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले इयन कूप यांनी १९९३ साली ती गोलापर्यंत आणि त्याही पुढच्या मितींपर्यंत नेऊन तपासली. फ्रीस्केल या चिप बनवणाऱ्या कंपनीनं अभियंत्यांसाठी काढलेल्या AN4246 या टिपणातही होकायंत्राची दुरुस्ती याच चार अज्ञातांनी केलेली आहे.

एक उदाहरण हातानं सोडवून पाहू. आकडे सोयीसाठी मी पूर्णांक निवडले आहेत, पण खऱ्या फोनमध्ये येतात तेवढेच मोठे आहेत. चार मोजण्या अशा आहेत, आणि शेजारी वर्गांची बेरीज दिली आहे.

```
A  (72, −12, 45)    7353
B  (42,  24, 63)    6309
C  (16,  16, 73)    5841
D  (58, −26, 73)    9369
```

प्रत्येक ओळीचं एक समीकरण होतं. उदाहरणार्थ, A साठी 7353 = 72p − 12q + 45s + d. दोन समीकरणं एकमेकांतून वजा केली की d उडून जातो. D मधून C वजा केलं तर z चे आकडे सारखे असल्यानं s सुद्धा जातो आणि उरतं 42p − 42q = 3528, म्हणजे p − q = 84. A मधून D वजा करून १४ ने भागलं की p + q − 2s = −144. B मधून A वजा करून ६ ने भागलं की −5p + 6q + 3s = −174. पहिल्यावरून p = q + 84. ते दुसऱ्यात घातलं की s = q + 114. दोन्ही तिसऱ्यात घातले की 4q = −96. म्हणजे q = −24, p = 60, s = 90. मागे जाऊन d काढला तर −1305 येतो.

केंद्र झालं (३०, −१२, ४५). त्रिज्येसाठी −1305 + 900 + 144 + 2025 = 1764, आणि त्याचं वर्गमूळ बरोबर ४२. अलिबागजवळच्या क्षेत्राची तीव्रता जेवढी असायला हवी, जवळजवळ तेवढीच.

आता त्याच चार बिंदूंची सरासरी काढा. ती येते (४७, ०.५, ६३.५). खऱ्या केंद्रापासून हे ठिकाण तब्बल २८ मायक्रोटेस्ला दूर आहे. चारही बिंदू गोलाच्या एकाच बाजूला होते, त्यामुळे सरासरी फसली. समीकरणाला मात्र बिंदू कुठल्या बाजूला आहेत याची पर्वा नाही. ते गोलावर असले म्हणजे पुरे.

पण चार मोजण्या अचूक असतात हे कागदावरच. खरा संवेदक प्रत्येक वेळी थोडा थरथरतो, पाव-अर्ध्या मायक्रोटेस्लाचा फरक सहज पडतो. समजा आपण पाचवी मोजणी घेतली. ती खरं तर (−६, −२४, ६३) यायला हवी होती, पण z मध्ये एका मायक्रोटेस्लाची चूक होऊन (−६, −२४, ६२) आली. तिच्या वर्गांची बेरीज ४४५६ होते. आधीच्या उत्तरानुसार ती ४४९१ असायला हवी. ३५ चा फरक पडला. आता पाचही समीकरणं एकाच वेळी खरी ठरवणारे p, q, s, d अस्तित्वातच नाहीत.

अशा वेळी कुठली चार मोजणी धरायची आणि कुठली एक सोडायची? कुठलीच सोडायची नाही. प्रत्येक समीकरणात थोडा फरक राहू द्यायचा, पण सगळ्या फरकांच्या वर्गांची बेरीज शक्य तितकी लहान करायची. ही लघुतम वर्ग पद्धत. लेझांद्र या फ्रेंच गणितज्ञानं ती १८०५ साली छापली आणि गाउसनं १८०९ साली आपली मांडणी प्रसिद्ध केली. पुढे याच गाउसनं वेबरबरोबर गॉटिंगेनला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी उभी केली आणि चुंबकीय क्षेत्राच्या एका एककाला त्याचं नाव मिळालं. एक गाउस म्हणजे १०० मायक्रोटेस्ला. फोनच्या होकायंत्रात त्याची ही दोन्ही कामं एकत्र येतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

या पद्धतीचं बळ असं की समीकरणं रेषीय असली, तर फरकांच्या वर्गांची किमान बेरीज शोधण्यासाठी चाचपडावं लागत नाही. मोजण्या पाच असोत की पाच हजार, हिशेब शेवटी चार अज्ञातांच्या चार समीकरणांवर येतो आणि उत्तर एका दमात मिळतं. आपल्या पाच मोजण्यांसाठी ते असं येतं: केंद्र (३०.२३, −११.८४, ४५.२५) आणि त्रिज्या ४१.७४. एका मोजणीतल्या एका मायक्रोटेस्लाच्या चुकीनं केंद्र सुमारे ०.४ मायक्रोटेस्लाने हललं. दिशेत ही चूक जास्तीत जास्त अर्ध्या अंशाच्या आसपास. मोजण्या वाढवल्या आणि त्या गोलभर पसरल्या, की तीही विरत जाते.

संगणकावर हे सगळं काही ओळींत मावतं. पायथॉनमध्ये ते असं लिहिता येईल:

```python
import numpy as np

def sphere_fit(P):
    m = P.mean(axis=0)
    Q = P - m
    A = np.c_[2*Q, np.ones(len(Q))]
    f = (Q**2).sum(axis=1)
    s, *_ = np.linalg.lstsq(A, f, rcond=None)
    c = s[:3]
    r = np.sqrt(s[3] + c @ c)
    return c + m, r
```

यातली पहिली पायरी सरासरी वजा करण्याची आहे, आणि ती वगळण्याचा मोह टाळायला हवा. फोनच्या आकड्यांत ती नसली तरी फार बिघडत नाही. पण हीच रीत जमिनीच्या लेझर मोजणीत वापरतात. तिथे वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली चित्रं जोडण्यासाठी पांढरे गोळे ठेवलेले असतात आणि त्यांची केंद्रं अशीच काढतात. गोळ्याची त्रिज्या सुमारे ७ सेंटिमीटर, म्हणजे तिचा वर्ग ०.००४९ चौरस मीटर. पण नकाशाच्या अक्षांवर पुण्याचं विषुववृत्तापासूनचं अंतर वीस लाख मीटरच्या पुढे. त्याचा वर्ग चार लाख कोटींहून मोठा होतो. संगणक एका संख्येचे पंधरा-सोळा अंकच धरून ठेवतो, त्यामुळे एवढ्या मोठ्या संख्येत त्याला सुमारे ०.०००५ पेक्षा बारीक फरक दिसतच नाही. आपल्याला हवी असलेली त्रिज्या नेमकी त्या शेपटाकडच्या अंकांत असते आणि तिथेच छाटली जाते. आधी सरासरी वजा केली की आकडे लहान होतात आणि काहीच हरवत नाही.

शेवटून दुसऱ्या ओळीत वर्गमूळ घेतलं आहे. आतली संख्या ऋण आली तर काय, अशी शंका येऊ शकते. ती ऋण येत नाही. d हा स्वतंत्र अज्ञात असल्यामुळे लघुतम वर्गाच्या उत्तरात सगळ्या फरकांची बेरीज शून्य येते, आणि त्यावरून सिद्ध होतं की r² म्हणजे सापडलेल्या केंद्रापासून सगळ्या बिंदूंच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. वर्गांची सरासरी ऋण कशी असेल?

आता या पद्धतीच्या मर्यादेकडे येऊ. आपण किमान काय केलं हे नेमकेपणानं विचारलं पाहिजे. एखाद्या बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर ρ असेल, तर तो गोलापासून ρ − r इतका दूर आहे. खरं म्हणजे आपल्याला हे अंतर लहान करायचं असतं. पण रेषीय समीकरणातला फरक आहे ρ² − r². तो (ρ − r) गुणिले (ρ + r) असतो. पाचव्या मोजणीतला ३५ चा फरक आठवा. ρ + r म्हणजे इथे सुमारे ८४. ३५ ला ८४ ने भागलं की ०.४२ येतं, आणि तो बिंदू पहिल्या गोलापासून खरोखरच ०.४२ मायक्रोटेस्ला आत होता. थरथर त्रिज्येच्या मानानं लहान असेल, तर ρ + r हा गुणक सगळ्या बिंदूंसाठी जवळजवळ सारखाच राहतो. मग एक फरक लहान करणं आणि दुसरा लहान करणं यांत काहीच अंतर उरत नाही. फोनमध्ये ४२ ला अर्ध्या मायक्रोटेस्लाची थरथर असते. म्हणून तिथे ही पद्धत निर्धास्त वापरावी, असं माझं मत आहे.

अडचण येते ती बिंदू गोलाच्या लहानशा तुकड्यावरच असतील तेव्हा. समजा फोन जेमतेम हलवला आणि सगळे बिंदू एका दिशेपासून २० अंशांच्या आतच पडले. ४२ त्रिज्येच्या गोलाच्या अशा टोपीची उंची अडीच मायक्रोटेस्लाच भरते. गोल किती मोठा आहे ही सगळी माहिती त्या अडीचच्या वाकात आहे, आणि त्यावर अर्ध्याची थरथर बसलेली आहे. इथे ρ² − r² हा फरक एका बाजूला झुकतो. त्रिज्या लहान केली की गुणक ρ + r ही लहान होतो आणि फरक आपोआप घटतो. त्यामुळे हिशेब लहान गोलाला कौल देतो. खऱ्या ४२ ऐवजी त्रिज्या बरीच कमी येते आणि केंद्र बिंदूंच्या बाजूला सरकतं. अशा ठिकाणी जाणकार लोक रेषीय उत्तर सुरुवातीचा अंदाज म्हणून घेतात आणि मग खरी अंतरं लहान करत, पायरीपायरीनं, ते सुधारतात. तशा सुधारणेला चांगली सुरुवात लागते, नाहीतर ती भरकटते. ती सुरुवात रेषीय पद्धत फुकट देते. पण टोपी फारच लहान असेल तर सुधारणेनंही फारसं साधत नाही. जी माहिती बिंदूंतच नाही ती कुठलीही पद्धत आणू शकत नाही.

याचं सर्वांत स्पष्ट रूप म्हणजे फोन टेबलावर ठेवून नुसता गोल फिरवणं. पुष्कळ लोक होकायंत्र सुधारायला हेच करतात. फोन सपाट असेपर्यंत z बदलत नाही. समजा तो कायम ६३ राहिला. मग समीकरणात s आणि d नेहमी 63s + d असे जोडीनंच येतात. त्या जोडीची बेरीज कळते, पण त्यातला s किती आणि d किती हे कधीच कळत नाही. भूमितीनं पाहिलं तर सगळे बिंदू एका वर्तुळावर आहेत, आणि एका वर्तुळातून जाणारे गोल अगणित असतात. a आणि b बरोबर येतात, c मात्र कुठलाही चालतो. धोका असा की संवेदकाच्या थरथरीमुळे z चे आकडे तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे संगणक तक्रार करत नाही. c साठी तो काहीतरी संख्या देऊन मोकळा होतो, आणि ती केवळ थरथरीतून आलेली असते. टेबलावर होकायंत्र बरोबर वाटतं, पण फोन हातात तिरका धरला की c दिशेत मिसळतो आणि बाण भलतीकडे जातो.

मग मिळालेलं उत्तर खरं की खोटं हे ओळखायचं कसं? फरक लहान आले म्हणून विश्वास ठेवू नये. आपल्या पाच मोजण्यांच्या उदाहरणात, एका मोजणीत पूर्ण एका मायक्रोटेस्लाची चूक असूनही, शेवटी कुठलाही बिंदू सापडलेल्या गोलापासून ०.०६ हून जास्त दूर राहिला नाही. अज्ञात चार आणि मोजण्या पाच असल्या की गोल बिंदूंना जवळजवळ हवा तसा चिकटतो. टेबलावरच्या मोजणीतही फरक सुंदर लहान येतात. खरी कसोटी त्रिज्येची आहे, कारण तिचं उत्तर आपल्याला बाहेरून माहीत असतं. महाराष्ट्र-गोव्यात ती ठिकाणानुसार साधारण ४१ ते ४५ मायक्रोटेस्लाच्या दरम्यान यायला हवी. २५ किंवा ७० आली, तर केंद्रही चुकलेलं आहे हे समजावं. दुसरी कसोटी म्हणजे बिंदूंचा पसारा. सापडलेल्या केंद्रापासून पाहिलं तर तिन्ही अक्षांच्या दोन्ही बाजूंना बिंदू आहेत ना, हे पाहावं.

आणि कधी कधी पसारा चांगला असूनही फरक मोठेच राहतात. त्याची दोन कारणं असतात. एक, आसपास लोखंड आहे. मोटारीचा सांगाडा, पोलादी कपाट, भिंतीतल्या सळया या गोष्टी फोनबरोबर फिरत नाहीत. त्यांच्यामुळे क्षेत्रच जागोजाग वेगळं होतं, आणि हात हलला की गोलच बदलतो. दुसरं, फोनमध्ये असे सुटे भाग असतात जे स्वतः चुंबक नसले तरी बाहेरचं क्षेत्र स्वतःकडे ओढतात आणि वाकवतात. त्यांची भर कायम एकसारखी नसते, फोनच्या दिशेनुसार बदलते. मग गोलाचा लंबगोल होतो: एका दिशेनं फुगलेला, दुसऱ्या दिशेनं दबलेला. चार अज्ञात तेव्हा पुरत नाहीत, नऊ लागतात. आनंदाची गोष्ट अशी की तिथेही याच युक्तीनं समीकरण रेषीय करता येतं, फक्त मोजण्या जास्त आणि चौफेर हव्यात.

अँड्रॉइड फोनमध्ये TYPE_MAGNETIC_FIELD_UNCALIBRATED या नावानं संवेदकाचे कच्चे आकडे आणि फोननं स्वतः ठरवलेलं केंद्र, दोन्ही वेगवेगळे मिळतात. संवेदकांचे आकडे दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या. चुंबकाची झडप असलेलं कव्हर आधी काढा, कारण त्यानं केंद्र कुठल्या कुठे जातं. घराबाहेर, गाड्यांपासून आणि लोखंडी कुंपणापासून दूर, मोकळ्या जागी उभे राहा. फोन चारी कडांवर, पालथा आणि उताणा असा सगळीकडे वळवत वीसेक मोजण्या टिपून घ्या आणि वरच्या काही ओळींत घाला. त्रिज्या चाळिशीच्या थोडी वर आली, तर केंद्र बरोबर सापडलं आहे. नाही आली, तर कव्हर काढलं होतं का आणि फोन पालथा केला होता का, हे पहिल्यांदा तपासा.